मावशी, उद्याच्या जेवणाची आठवण (शनिवार, संध्याकाळ)

मावशी, नमस्कार. मी अजून इचलकरंजीतच आहे, घरी यायला आठ वाजतील. तुम्ही सहाला भाकरी टाकायला याल, तेव्हा चुलीपाशी जायच्या आधी हा मेसेज वाचा. बारीक अक्षर दिसत नसेल तर धाकट्याकडून वाचून घ्या, नाहीतरी तो तिथंच घुटमळत असतो.

उद्या पुण्याहून वन्सं, पाहुणे आणि त्यांची दोन पोरं येणार आहेत. घरचे सहा धरून दहा पानं, अकरावं तुमचं. आत्याबाई माळकरी, म्हणजे मटण खाणारे दहा. दोन किलो मटण पुरेल. ते हे सकाळी सातलाच आणणार आहेत, रविवारी उशीर झाला की रांगेत तास जातो आणि नळ्या, चापा दुसऱ्याच्या पिशवीत जातात.

बेत असा: तांबडा, पांढरा, सुकं मटण, भाकरी, भात, दह्यातला कांदा. आत्याबाईंना भरली वांगी आणि आमटी. त्यांचं सगळं आधी उरकून घ्या, कढई आणि उलथनं वेगळं. मागं एकदा पळी इकडची तिकडं झाली होती, त्या काही बोलल्या नाहीत, पण जेवल्याही नाहीत.

आता डबे बघायचे. अंदाजानं "असंल की" म्हणू नका, झाकण उघडून बघा. गेल्या महिन्यात मटण शिजत आलं आणि खसखशीच्या डब्यात तळाला चमचाभर निघाली, आठवतंय ना? पांढऱ्याला नुसत्या काजूवर भागवलं, रस्सा गोडसर झाला आणि मामंजी दोन दिवस तेच ऐकवत होते. चूक माझीही होती, मी यादी न बघताच सामान भरलं होतं.

तर खसखस, पांढरे तीळ, काजू बघा. सुकं खोबरं दोन वाट्या तरी हवं, आणि खवट नाही ना ते तोंडात टाकून बघा. ओले नारळ दोन आहेत, ते हलवून पाणी वाजतंय का बघा. खडा मसाल्यात वेलदोडा आणि दालचिनी संपत आल्यासारखी वाटते. कांदा-लसूण चटणीची बरणी अर्ध्याखाली गेली असेल तर सांगा, गावाकडनं मागवायला दोन दिवस जातात. उद्यापुरती नक्की आहे.

ज्वारीचं पीठ मला जास्त काळजीचं वाटतं. डब्यात आहे ते पंधरा दिवसांपूर्वीचं. मूठभर मळून एक भाकरी थापून बघा. विरी गेली असेल, कडेला चिरत असेल, तर ते पीठ बाजूला ठेवा आणि दोन किलो ज्वारी आत्ताच धाकट्याबरोबर गिरणीत पाठवा. सकाळी गिरणी उघडायची वाट बघत बसायला वेळ नाही. वीस भाकरी लागतील, पोरं भातावरच जेवतात.

दही आज रात्री लावा, नेहमीपेक्षा मोठ्या पातेल्यात. त्यापुरतं दूध फ्रीजमध्ये आहे. जादा दूध सांगितलं नाही, हे उद्या पोरांना गंगावेशीच्या कट्ट्यावर नेणार आहेत, ती तिथंच पिऊन येतील. खसखस आणि तीळ जाताना कोमट पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वाटण लवकर होईल. मटकीही भिजत घाला, सोमवारच्या डब्याला मोड आलेले हवेत.

मामंजींची वाटी विसरू नका. त्यांना अळणी आधी काढून ठेवा, मीठ अगदी बेतानं, डॉक्टरांनी बजावलंय. पुण्याच्या पोरांसाठीही चटणी घालायच्या आधी चार वाट्या बाजूला काढा. आणि पांढऱ्यात नारळाचं दूध शेवटी घाला, मग उकळू देऊ नका, फुटतं. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण लिहिलं की मला झोप लागते.

गॅसचं सिलिंडर उचलून बघा, हलकं लागलं तर भरलेलं मागच्या गॅलरीत आहे.

जे कमी असेल ते सातच्या आत मला फोनवर सांगा. लिहीत बसू नका, नुसतं "खसखस नाही, वेलदोडा नाही" एवढं बोला. यांना लक्ष्मीपुरीतनं यायचंय, ते येताना घेऊन येतील. वांगी आणि कोथिंबीर सकाळी ताजीच आणू, ती आज नको.

उद्या तुम्ही साडेसातला या. नातवालाही घेऊन या, पोरांबरोबर खेळेल आणि इथंच जेवेल. घरी न्यायला डबा आणा, रस्सा सांडणार नाही असा झाकणाचा.