दिवाळी पहाट रद्द झाल्यामुळे प्रायोजकत्व करार संपुष्टात आणत असल्याबाबत

नोंदणीकृत पोचदेय टपालाने व ईमेलने

दिनांक : ११ ऑक्टोबर २०२५
सोलापूर

प्रति,
मा. कार्याध्यक्ष,
दिवाळी पहाट आयोजन समिती,
सोलापूर

विषय : दि. १८ जुलै २०२५ चा मुख्य प्रायोजकत्व करार संपुष्टात आणणे व दिलेली रक्कम परत मागणे.

संदर्भ : आपला दि. ८ ऑक्टोबर २०२५ चा ईमेल.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

दि. २० ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या पहाटे होणारा कार्यक्रम रद्द केल्याचे आपण वरील ईमेलने कळवलेत. त्यावर आमच्या पेढीच्या सर्व भागीदारांनी विचार केला. करारातील कलम ११ (कार्यक्रम रद्द झाल्यास प्रायोजकाचे अधिकार) आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ३९ यांनुसार हा करार आजच्या तारखेपासून आम्ही संपुष्टात आणत आहोत. हे पत्र म्हणजे त्याची रीतसर नोटीस समजावी.

हे लिहिताना मला वाईट वाटते आहे. कोरोनाची दोन वर्षे सोडली तर २०१७ पासून या पहाटेला आमच्या पेढीचे नाव जोडलेले आहे. माझे वडील शेवटपर्यंत पहिल्या रांगेत येऊन बसत. आमचा धंदा टॉवेल आणि चादरींचा. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून लोक उटण्याच्या वासासकट गाणे ऐकायला येतात, त्या सकाळी आपले नाव त्यांच्यासमोर असावे, एवढ्याच विचाराने आम्ही हा कार्यक्रम निवडला होता.

म्हणूनच हा कार्यक्रम पुढच्या वर्षी दि. १९ मार्चला, गुढीपाडव्याला घेण्याचा आपला प्रस्ताव आम्हाला मान्य करता येत नाही. तारीख हा या कराराचा गाभा आहे, आणि कलम ३ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. दिवाळीच्या भेटसंचांची आमची विक्री धनत्रयोदशीपर्यंत होते. पाडव्याच्या कार्यक्रमाने ती भरून निघणार नाही.

आता रद्द होण्याच्या कारणाविषयी. आपण ईमेलमध्ये नैसर्गिक आपत्तीचे कलम पुढे केले आहे. सप्टेंबरअखेरच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांत काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. सीनाकाठच्या गावांतले आमचे तीन कामगार अजून नातेवाइकांकडे राहत आहेत. त्या संकटाबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण शहरातल्या ज्या मैदानावर कार्यक्रम होणार होता, ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोरडे होते. दि. ६ ऑक्टोबरच्या बैठकीत आपल्याच कोषाध्यक्षांनी सांगितले की, मैदानाचे भाडे ३० सप्टेंबरच्या मुदतीत भरले न गेल्यामुळे आरक्षण सुटले आणि दोन कलाकारांचे आगाऊ मानधनही गेलेले नाही. आमचा ५ सप्टेंबरचा हप्ता परिशिष्ट 'ब' प्रमाणे नेमका याच दोन खर्चांसाठी होता. त्यामुळे कार्यक्रम पुरामुळे अशक्य झाला असे आम्ही मानत नाही.

आणि क्षणभर आपले म्हणणे खरे धरले, तरीही रक्कम परत करण्याचे टळत नाही. करार पार पाडणे खरोखर अशक्य झाले असेल तर अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे तो निरर्थक ठरतो, आणि कलम ६५ प्रमाणे ज्याने त्या करारापोटी लाभ घेतला त्याने तो परत करायचा असतो. कारण कोणतेही धरा, पैसे परत येणेच क्रमप्राप्त आहे.

उरलेली रक्कम पूरग्रस्तांना देण्याचा समितीचा विचार असल्याचेही आपण लिहिले आहे. मदत व्हायलाच हवी. आमच्या पेढीने ४ ऑक्टोबरला ६०० चादरी स्वतः गावांत नेऊन दिल्या आहेत आणि पुढेही देऊ. पण कार्यक्रमासाठी दिलेला आमचा पैसा आम्हाला न विचारता दुसरीकडे वळवण्यास आमची संमती नाही. असे काही केलेत तर ती रक्कम आपल्याकडून येणे बाकीच धरली जाईल.

येणे रकमेचा हिशेब असा. कराराचे एकूण मूल्य १०,००,००० रुपये. त्यापैकी २५ जुलैला ४,००,००० आणि ५ सप्टेंबरला ३,००,००० असे ७,००,००० रुपये आम्ही दिले. यातून २ टक्क्यांनी कापलेला टीडीएस १४,००० रुपये आपल्या पॅनवर सरकारजमा आहे. त्याचा लाभ आपल्यालाच मिळणार असल्याने परतावा पूर्ण ७,००,००० रुपयांचा हवा, बँकेत जमा झालेल्या ६,८६,००० चा नव्हे. जीएसटी आम्ही रिव्हर्स चार्जने स्वतः भरला आहे, त्याचा बोजा आपल्यावर टाकत नाही. मात्र आमच्या हिशेबासाठी दोन्ही हप्त्यांच्या पावत्या रद्द केल्याचे लेखी कागद द्यावेत. १० ऑक्टोबरला देय असलेला ३,००,००० रुपयांचा तिसरा हप्ता आम्ही देणार नाही.

याशिवाय कार्यक्रमाचे नाव व तारीख छापलेली ४,००० भेटसंचांची वेष्टने निरुपयोगी झाली. त्याचे १,४८,००० रुपयांचे छपाईचे बिल सोबत जोडले आहे. अधिनियमाच्या कलम ७५ प्रमाणे ही भरपाई आम्ही मागत आहोत. विक्रीचे जे नुकसान होईल ते मागत नाही. ते प्रामाणिकपणे मोजता येणार नाही, आणि जे मोजता येत नाही ते मागणे मला योग्य वाटत नाही.

अशी एकूण ८,४८,००० रुपयांची रक्कम कलम ११ मधील २१ दिवसांच्या मुदतीत, म्हणजे २९ ऑक्टोबर २०२५ पर्यंत, ज्या खात्यातून हप्ते आले त्याच खात्यात जमा करावी. त्यानंतर कलम १३ प्रमाणे वार्षिक १२ टक्के सरळ व्याज लागू होईल. एकरकमी देणे खरोखर शक्य नसेल, तर मुदत संपण्यापूर्वी समितीच्या सहीशिक्क्याचे लेखी वेळापत्रक पाठवावे. ७,००,००० पैकी निम्मी रक्कम मुदतीत आली तर बाकीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत थांबण्याची आमची तयारी आहे. छपाईच्या रकमेबाबतही समोरासमोर बसून बोलता येईल. मूळ रकमेबाबत नाही.

पैशाइतकीच तातडीची गोष्ट पासांची आहे. आमच्या दुकानांतून ६०० पास गेले आहेत. त्यावर आमचे नाव आहे. कार्यक्रम रद्द झाल्याचे आपण अजून जाहीर केलेले नाही. दिवाळीच्या पहाटे म्हातारी माणसे रिक्षा करून मैदानावर येतील आणि फाटक बंद पाहून परततील, हे मला सहन होणार नाही. १३ ऑक्टोबरपर्यंत स्थानिक वर्तमानपत्रांत व समितीच्या समाजमाध्यमांवर आपण सूचना द्यावी. ती न आल्यास आम्ही स्वतः आमच्या नावाने देऊ. आमच्या दुकानांतही उद्यापासून फलक लागेल.

शहरातील फलक, कमानी आणि ऑनलाइन जाहिराती यांवरील आमचे नाव व बोधचिन्ह १४ ऑक्टोबरपर्यंत काढावे. ते वापरण्याची परवानगी आजपासून संपली आहे. पासांच्या नोंदणीत जमलेले लोकांचे मोबाइल क्रमांक केवळ ही सूचना देण्यासाठी वापरावेत व नंतर पुसून टाकावेत. आमच्या व्यवसायातील दुसरा प्रायोजक न घेण्याच्या बंधनातून आपण आजपासून मोकळे आहात.

वाद उरलाच तर कलम १७ प्रमाणे सोलापूर येथे लवादापुढे जाण्याचा आमचा हक्क राखून ठेवत आहोत. तत्पूर्वी बोलायचे असल्यास १३ किंवा १४ ऑक्टोबरला दुपारी ४ नंतर मी कारखान्यावर आहे. येताना हप्त्यांच्या खर्चाची खातेवही व बँकेचा उतारा आणावा.

पत्राची पोच द्यावी.

आपला,

व्यवस्थापकीय भागीदार
(सर्व भागीदारांच्या वतीने)
चादर व टॉवेल उत्पादक पेढी
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

सोबत : १) कराराची प्रत, परिशिष्ट 'ब'सह २) दोन्ही हप्त्यांचे बँक तपशील ३) टीडीएस प्रमाणपत्र ४) छपाईचे बिल

प्रत : कोषाध्यक्ष, आयोजन समिती