बॅगा भरण्याआधी हे वाच

नितीन,

काल फोनवर म्हणालास की परदेशी जाण्याआधी रविवारी इथेच तिघांची जाड जॅकेटं घेऊन टाकतोस. घेऊ नकोस. मी तिकडे दोन हिवाळे काढलेत आणि पहिल्या वेळी नेमका हाच उद्योग केला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं जॅकेट घालून बघितलं तेव्हा दुकानातच घाम फुटला. वाटलं, झालं काम. तिकडे पहिल्या आठवड्यात पारा उणे १४ वर होता आणि बसथांब्यावर पाच मिनिटांत कळलं की जाडी आणि ऊब या वेगळ्या गोष्टी आहेत. चेनवर झाकणारी पट्टी नव्हती, त्यामुळे छातीच्या मधोमध वाऱ्याची एक बारीक सरळ रेघ जाणवत होती. बाह्यांना आतून घट्ट कफ नव्हते. जॅकेट कमरेवर संपत होतं, म्हणजे वाकलं की पाठ उघडी. तिसऱ्या दिवशी दुसरं घेतलं. पहिलं दोन वर्षं कपाटात जागा अडवून बसलं होतं.

वारा हा खरा शत्रू आहे. उणे १० मध्ये ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला ते उणे २० सारखं लागतं. हे ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे त्यांच्याच दुकानांतून जॅकेट घे. मांडीपर्यंत लांब, टोपी जोडलेली, वारा अडवणारं. पिसांचं भरण वजनाला हलकं आणि फार उबदार, पण भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. तिकडे नोव्हेंबरात बर्फापेक्षा चिखल-पाणीच जास्त, त्यामुळे पिसांचं घेशील तर वरचं कापड पाणी न शिरणारं बघ.

बुटांचंही तेच, किंबहुना जास्त. मी इथले दणकट दिसणारे बूट नेले होते. थंडीत त्यांचा तळ लाकडासारखा कडक झाला आणि ऑफिसच्या दारासमोर, सगळ्यांच्या देखत, मी सपशेल आडवा. थंडीतही मऊ राहणारा तळ असलेले बूट तिकडेच मिळतात. घालून बघताना जाड लोकरी मोजा घालूनच बघ आणि बोटं आत हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि दोन मोजे घातले तरी पाय गारच राहतात. रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग चामड्यावर बसतात, तेव्हा ऑफिसचे चांगले बूट पिशवीतून ने आणि तिथे बदल. सगळे तसंच करतात.

मग इथून काय? मी ठरवायला एक सोपी युक्ती वापरतो: जे तुझ्या शरीराचं आहे ते इथून, जे तिथल्या हवेचं आहे ते तिथून.

शरीराचं म्हणजे चष्मा. दोन ने, आणि नंबर लिहिलेला कागद. नव्या गावी डोळे तपासून घ्यायला वेळ मिळेपर्यंत महिना जातो. दातांचं काही अर्धवट असेल तर निघण्याआधी उरकून टाक. नेहमीची औषधं पहिल्या दोन-तीन महिन्यांची ने (त्या देशाचे नियम आधी बघून), मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचं नाव लिहून घे, कारण तिकडच्या डॉक्टरांना तेच कळेल. लेकीच्या लसींची नोंद शाळा मागेल, ती हाताशी ठेव.

अंगाला चिकटून बसणारे थर्मल इथून दोन-दोन जोड घे. त्यांच्यात फसण्यासारखं फारसं नसतं, फक्त सुती नकोत. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तोच घाम तुला गार करतो. मेरिनो लोकर उत्तम, नाहीतर पॉलिएस्टर. स्वेटर मात्र एक-दोनच. तू आत्ता स्वेटरांचा ढीग डोळ्यांसमोर आणला असशील, पण ऑफिस २१-२२ अंशांवर तापवलेलं असतं. तिथे सगळे साध्या शर्टात बसतात, तुझे इथले शर्ट तिथे चालतील. थंडी फक्त दारापासून दारापर्यंतची.

त्या तापवलेल्या हवेबद्दल कुणी सांगत नाही. बाहेरच्या गार हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. तीच हवा आत येऊन तापली की वाळवंट होतं. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की चट्टकन झटका बसतो. मला दुसऱ्या रात्री उशीवर रक्त दिसलं आणि घाबरून बायकोला फोन केला होता! उपाय एवढाच: पोचल्या दिवशी जाडसर मलम आणि हवेत बाष्प सोडणारं यंत्र विकत घ्या. इथून काही नेऊ नका.

विजेच्या वस्तूंवर मागची बारीक अक्षरं वाच. इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल, म्हणजे लॅपटॉपचे आणि फोनचे चार्जर, तर ने, फक्त पिनेचा जोड लागेल. तिकडे दाब १२० व्होल्टचा आहे. इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, मोटारवालं काहीही नेऊ नकोस. पॉवर बँक केबिनच्या बॅगेत ठेव, खालच्या सामानात चालत नाही. आणि बाहेर असताना फोन आतल्या खिशात ठेव, गारठ्यात ३० टक्के बॅटरी दाखवणारा फोन एकदम बंद पडतो. गोठलेला फोन घरात आणून लगेच चार्जिंगला लावू नकोस, आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे.

लेकीचं काहीही आधी घेऊन ठेवू नका. तिला अखंड एका तुकड्याचा बर्फाचा पोशाख लागेल, तो एका हिवाळ्यात तोकडा होतो, तेव्हा तिकडे वापरलेला घ्या. मुलांचे कपडे तिथे हातोहात फिरतात, कुणाला संकोच वाटत नाही. हातमोजे बोटांवाले नकोत, चार बोटं एकत्र राहणारे घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. चार जोड लागतील, कारण शाळेत तीन हरवतात.

राहिला पहिला दिवस, म्हणजे विमानतळ ते घर. यासाठी जॅकेट लागेलच, ते माझं घेऊन जा. दुसरं, चांगलं. आपण एकाच मापाचे आहोत, वहिनींना माझ्या बायकोचं होईल. टोपी, मफलर, हातमोजे केबिनच्या बॅगेत, खालच्या सामानात नव्हे. माझी एक बॅग दोन दिवस उशिरा आली होती आणि त्यातच सगळं होतं.

प्रत्येक बॅगेला २३ किलोची मर्यादा आहे ना? शनिवारी जॅकेटं घेऊन येतो, येताना वजनकाटाही आणतो. वहिनींनी जी सहा ब्लँकेटं बाजूला काढून ठेवलीत ती तेवढी परत कपाटात टाकायला सांग.

– मंदार