स्नेहसंमेलनावर माहितीपट चित्रित करण्यासाठी परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका

महोदया,

आम्ही इयत्ता अकरावीतील पाच विद्यार्थी यंदाच्या स्नेहसंमेलनावर पंधरा मिनिटांचा माहितीपट करू इच्छितो. मंचावरचे कार्यक्रम सगळेच पाहतात. आम्हाला पडद्यामागचं टिपायचं आहे. शिवणकामाच्या बाई ऐनवेळी उसवलेला झगा टाचून देतात, शिपाईकाका रात्री उशिरापर्यंत सतरंज्या अंथरतात. या माणसांचं काम कुठेतरी नोंदलं जावं, असं मनापासून वाटतं.

18 आणि 19 डिसेंबरला शाळा सुटल्यावर तालमींचं आणि 20 तारखेला मुख्य कार्यक्रमाचं चित्रीकरण करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. तासिका बुडणार नाहीत. कॅमेरे दोनच असतील, प्रेक्षकांच्या आड येणार नाहीत. कपडे बदलण्याच्या खोल्यांकडे कॅमेरा नेणार नाही. ज्यांच्या पालकांचं लेखी संमतिपत्र नसेल, त्या मुलांचे चेहरे दाखवणार नाही. चित्रकलेच्या सरांनी देखरेखीची तयारी दर्शवली आहे. तयार माहितीपट आधी आपल्याला दाखवू. आपण सांगाल तो भाग वगळू. आपल्या संमतीशिवाय तो इंटरनेटवर टाकणार नाही.

संमतिपत्रं वाटायला वेळ लागेल, म्हणून 10 डिसेंबरपर्यंत निर्णय कळवावा.

आपली आज्ञाधारक,
वर्गप्रतिनिधी, इयत्ता अकरावी ‘ब’
(माहितीपट गटाच्या वतीने)
दि. 2 डिसेंबर

सोबत: पालक संमतिपत्राचा नमुना