सनावळी पाठ करू नका, शब्दात बांधा: इतिहासाच्या 24 तारखा एका व्हिडिओत

व्हिडिओची संहिता. संयुक्त पूर्व परीक्षेची बॅच, इतिहास. अंदाजे 12 मिनिटं. लागणारं साहित्य: पांढरा फळा, काळा आणि लाल मार्कर, तक्त्याचा एक छापील कागद.

[फळ्यावर आधीच लिहिलेलं: 1664, 1670, 1775, 1907. वर मोठ्या अक्षरात: सुरत]

नमस्कार मित्रांनो. फळ्यावरची चारही सालं एकाच शहराची आहेत. सुरतेची पहिली लूट, दुसरी लूट, राघोबादादांचा सुरतेचा तह आणि काँग्रेसमधली फूट. प्रश्नपत्रिकेत ही सालं सहसा पर्यायांत आलटून पालटून येतात. घटना तुम्हाला माहीत असते आणि गुण तरीही जातो. ह्या व्हिडिओच्या शेवटी ही चारही सालं तुम्ही एका वाक्यातून काढाल.

व्हिडिओ थांबवून वही-पेन घ्या. नुसतं ऐकून हे जमत नाही, हातानं लिहावं लागतं.

[फळा पुसा. तक्ता लिहायला सुरुवात. लिहिताना बोलत राहा]

आपल्याकडे अंकांना अक्षरं देण्याची जुनी पद्धत आहे, कटपयादी. केरळच्या गणित-ज्योतिष परंपरेत ती भरपूर वापरली गेली. कर्नाटक संगीतात 72 मेळकर्ता रागांचे क्रमांकसुद्धा रागाच्या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांवरून काढतात. आपण तीच वापरू, कारण ती वर्णमालेच्या क्रमानं चालते आणि वर्णमाला तुम्हाला पहिलीपासून पाठ आहे.

1: क, ट, प, य
2: ख, ठ, फ, र
3: ग, ड, ब, ल
4: घ, ढ, भ, व
5: ङ, ण, म, श
6: च, त, ष
7: छ, थ, स
8: ज, द, ह
9: झ, ध, ळ
0: ञ, न

क पासून सुरू करा: क 1, ख 2, ग 3, असं झ 9 आणि ञ 0 पर्यंत. ट पासून परत 1, न ला 0. प पासून परत 1, म ला 5. य पासून परत 1, ह ला 8, ळ ला 9. म्हणजे क, ट, प, य ह्या चार अक्षरांवर मोजणी नव्यानं सुरू होते. हा तक्ता पाठ करायची गरजच नाही, अडलात की बोटांवर मोजा.

नियम तीनच. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार मोजायचे नाहीत. जोडाक्षरात फक्त शेवटचं व्यंजन धरायचं. आणि शब्द डावीकडून उजवीकडे वाचायचा. मूळ पद्धतीत अंक उजवीकडून डावीकडे वाचतात, पण आपण साल लिहितो तसंच वाचू, नाहीतर 67 चे 76 होतील.

शब्दात सालाचे शेवटचे दोनच अंक बसवायचे. शतक काळावरून कळतं: शिवाजी महाराज म्हटलं की 16, पेशवाई म्हटलं की 17, कंपनी सरकार आणि समाजसुधारक म्हटलं की 18, टिळकांच्या उत्तरकाळापासून गांधीजी, बाबासाहेब म्हटलं की 19. ह्याला अपवाद आहेत, ते पुढे येतातच.

[लाल मार्कर. फळ्यावर: सभा]

आता सोपं उदाहरण. राज्याभिषेक, रायगड. डोळ्यांसमोर काय येतं? राजसभा. सभा: स 7, भ 4. साल 1674. दिवस 6 जून.

खरी मेहनत इथं आहे. शब्द घटनेच्या पोटातून यायला हवा. 74 साठी 'सवय' चा 'सव' घेता आला असता, अंक बरोबर बसतात, पण परीक्षेच्या दिवशी राज्याभिषेक वाचून 'सवय' आठवणार कशी? घटनेपासून शब्दापर्यंत वाट असेल तरच शब्द उपयोगाचा.

शिवकाळ भराभर घेऊ. अफजलखानाला मधाचं बोट दाखवून जावळीच्या खोऱ्यात आणलं. मध: म 5, ध 9. 1659, 10 नोव्हेंबर, प्रतापगडाचा पायथा. आग्र्याचा पहारा चीत केला. चीत: 6, 6. 1666. इथं दोन तारखा विचारतात: दरबारातली भेट 12 मे आणि सुटका 17 ऑगस्ट. मे मध्ये कडक उन्हाचा दरबार आणि ऑगस्टमध्ये पावसातली सुटका असं चित्र मनात धरा.

[फळ्यावर मधोमध: सुरत. चारी बाजूंनी चार बाण]

आता सुरत. हळू चालू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो.

पहिली लूट, जानेवारी 1664. सुरतेचं जेवण प्रसिद्ध, म्हणून चव: च 6, व 4. दुसरी लूट, ऑक्टोबर 1670. दुसऱ्यांदा सोनं आणलं. सोनं: स 7, न 0. तिसरं, सुरतेचा तह, मार्च 1775: राघोबादादा आणि मुंबईकर इंग्रज. मार्च म्हणजे शिमग्याचे दिवस, म्हणून सण: स 7, ण 5. चौथं, 1907 चं काँग्रेस अधिवेशन, जहाल आणि मवाळ वेगळे झाले. दूध नासतं तसं अधिवेशन नासलं. नास: न 0, स 7.

वाक्य लिहून घ्या: सुरतेची चव घेतली, सोनं आणलं, सण केला, शेवटी नास झाला.

[दहा सेकंद थांबा. विद्यार्थ्यांना लिहू द्या]

सोनं हा शब्द आणखी एका ठिकाणी कामाला येतो. 4 फेब्रुवारी 1670, सिंहगड. पोवाड्यांतून आणि आख्यायिकांतून आलेली रायबाच्या लग्नाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे: आधी लगीन कोंढाण्याचं. म्हणजे घरात यायची राहिली ती सून. सून: 7, 0. सुनेसाठी सोनं, दोन्ही 1670 ची. फेब्रुवारीत सून, ऑक्टोबरात सोनं. मात्र मुख्य परीक्षेच्या उत्तरात ही सून लिहू नका. आठवण्यासाठीची गोष्ट डोक्यात ठेवायची, कागदावर फक्त साल उतरवायचं.

दुसरी जोडी पुरंदरची. पुरंदरचे तह दोन आहेत आणि पर्यायांत दोन्ही सालं असतात. पहिला मिर्झाराजे जयसिंगाशी, जून 1665, 23 किल्ले द्यावे लागले. एवढे किल्ले देण्याचा ताण: त 6, ण 5. दुसरा मार्च 1776, कलकत्त्याच्या इंग्रजांनी मुंबईकरांचा सुरतेचा तह बाजूला ठेवून पुणे दरबाराशी सूत जुळवलं. सूत: स 7, त 6. आधी ताण, मग सूत.

ह्याच पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना कोंडीत पकडून संधी साधली. संधी: स 7, ध 9. 1779. तहालाही संधी म्हणतातच. शेवट सालबाईच्या तहानं, बाईच्या गळ्यात हार: ह 8, र 2. 1782. क्रमानं म्हणा: सण, सूत, संधी, हार. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध संपलं.

मधला पानिपत राहिला. चूक: च 6, क 1. 1761. 14 जानेवारी, आजच्या हिशोबानं संक्रांतीचा दिवस.

[फळ्यावर लाल चौकट: 1802, 1818]

मघाशी म्हटलेले अपवाद हे. पेशवाई म्हटल्यावर हात आपोआप 17 लिहितो. वसईच्या तहानं पेशवाईचा नूर उतरला. नूर: न 0, र 2. 1802. तारीख 31 डिसेंबर, त्यामुळे पर्यायात 1803 हमखास ठेवतात, कारण दुसरं युद्ध त्या साली सुरू झालं. वर्षाचा शेवटचा दिवस, साल अजून बदललेलं नाही, हे पक्कं करा. आणि पेशव्यांचं पद गेलं. पद: प 1, द 8. 1818. इथं शतकही 18 आणि शब्दही 18.

समाजसुधारकांचे काही शब्द तर आयते मिळतात. ब्राह्मो समाज म्हणजे राजा राममोहन रॉय. राजा: र 2, ज 8. 1828. प्रार्थना समाजाला प्रार्थनेचा तास: त 6, स 7. 1867. आर्य समाज म्हणजे वेद, वेदात सोम: स 7, म 5. 1875. हे दोन्ही समाज मुंबईत स्थापन झाले, म्हणून जोडीनं विचारतात. आधी तास, मग सोम. भिडे वाड्यातली मुलींची शाळा भेद मोडण्यासाठी होती. भेद: भ 4, द 8. 1848.

विसावं शतक. सुरतेत जे नासलं ते लखनऊला जुळलं: जहाल-मवाळ एकत्र आले आणि काँग्रेस-लीग करारही झाला. युती: य 1, त 6. 1916. जालियनवाला बागेत काळ आला. काळ: क 1, ळ 9. 1919, 13 एप्रिल. चौरीचौऱ्यात पोलीस ठार झाले आणि गांधीजींनी असहकार थांबवला. ठार: ठ 2, र 2. 1922. महाडच्या चवदार तळ्याचा ठसा: ठ 2, स 7. 1927, 20 मार्च. पुणे कराराचा लेख: ल 3, ख 2. 1932, 24 सप्टेंबर.

[कॅमेऱ्याकडे. फळा पूर्ण पुसा]

हे कुठं फसतं, ते सांगतो. एक, तीन व्यंजनांचे शब्द. 'सुरत' मध्ये तीन अंक येतात, शेवटचा कुठं टाकायचा हे परीक्षेत आठवत नाही. दोनच व्यंजनं ठेवा. दोन, त आणि ट ची गल्लत: त 6, ट 1. तीन, एकाच दिवसात साठ तारखा करणं. तिसऱ्या दिवशी शब्द एकमेकांत मिसळतात. दिवसाला 7 नव्या तारखा पुरे. त्यांची उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाविसाव्या दिवशी, वही मिटून.

उजळणी दोन्ही बाजूंनी करा. घटना वाचून साल लिहा आणि साल वाचून घटना लिहा. एकाच बाजूनं केलेला अभ्यास कालानुक्रम लावायच्या प्रश्नात अडकतो.

[पडद्यावर 40 सेकंदांचं घड्याळ]

व्हिडिओ न थांबवता सालं लिहा: सालबाईचा तह. सुरतेची पहिली लूट. प्रार्थना समाज. लखनऊ करार. पुरंदरचा दुसरा तह. वसईचा तह.

[40 सेकंदांनंतर]

हार, 1782. चव, 1664. तास, 1867. युती, 1916. सूत, 1776. नूर, 1802. जिथं चुकलात तिथं शब्द चुकला की शतक चुकलं, ते समासात लिहून ठेवा. शब्द चुकला असेल तर तुमच्या मनातलं वेगळं चित्र घेऊन नवा शब्द बनवा. माझाच शब्द चालवायची सक्ती नाही.

घरचं काम दोन शब्दांचं. सत्यशोधक समाज, 24 सप्टेंबर 1873: पहिलं अक्षर छ, थ, स मधलं, दुसरं ग, ड, ब, ल मधलं. डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1884: पहिलं ज, द, ह मधलं, दुसरं घ, ढ, भ, व मधलं. शब्द आणि त्यामागचं चित्र एका ओळीत लिहून आणा. सोमवारी वर्गात पहिली दहा मिनिटं तेच बघू.