इंटर्नशिप मूल्यमापन पत्र

फोर्ट, मुंबई
३० जून २०२५

प्रति,
इंटर्नशिप समन्वयक, वाणिज्य विभाग

विषय : तृतीय वर्ष बी.कॉम.ची विद्यार्थिनी सायली, लेखा विभाग, ८ आठवडे (५ मे ते २७ जून)

महोदय/महोदया,

गुण ५ पैकी आहेत.

पुढाकार – ५. खरेदी नोंदवही GSTR-2B शी ताडताना २१२ बिलं जुळत नव्हती. आमच्याकडे बिल क्रमांक ‘००४५’, पुरवठादाराने भरलेला ‘४५’. हे तिनेच हेरलं, एक्सेलमध्ये वेगळा रकाना करून पुढची शून्यं काढली आणि ३७ बिलं उरली. कोणी सांगितलं नव्हतं.

विश्वासार्हता – ४. हजेरी ४० पैकी ३८ दिवस. लोकल रखडली की पावणेदहाच्या आत निरोप यायचा. एक गुण कापला, कारण दोनदा व्हाउचर पडताळणीविना फाइलला लागली.

शिकण्याचा वेग – ४. टॅलीतल्या नोंदी आठवड्यात जमल्या. टीडीएसची कलमं मात्र अजून तक्ता पाहूनच लावते. या टप्प्यावर ते योग्यच.

संवाद – ३. पुरवठादारांशी फोनवर छान बोलते, पण ठरलेलं लिहून ठेवत नाही. त्यामुळे एका क्रेडिट नोटसाठी तीनदा फोन करावे लागले. ईमेलच्या विषयात बिल क्रमांक व तारीख टाकायची सवय हवी.

एकूण १६/२०. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा येणार असेल तर जागा आहे.

आपली,
लेखा व्यवस्थापक