सुजाता, अण्णांच्या निधनाबद्दल सहवेदना

प्रिय सुजाता,

अण्णा गेल्याचे काल रात्री कळले आणि काही वेळ काय लिहावे हेच सुचेना. गेले काही महिने पुणे-कराड फेऱ्या, त्यांच्या डायलिसिसचे दिवस आणि कार्यालयाचे काम हे सारे तुम्ही किती शांतपणे सांभाळत होतात, ते आम्ही सर्वांनी पाहिले आहे. त्यांच्या सेवेत तुमच्याकडून काहीही कमी पडले नाही. ईश्वर त्यांच्या आत्म्यास सद्गती देवो.

अण्णांची माझी भेट एकदाच झाली. एसटीत वाहक म्हणून हयात घालवलेले ते गृहस्थ काकवीची बरणी मांडीवर घेऊन स्वागतकक्षात ताठ बसले होते, आणि मी कितीही आग्रह केला तरी ‘तिचं काम होऊ द्या, मी थांबतो’ असे म्हणून त्यांनी तुम्हाला बोलावू दिले नाही.

तेराव्यापर्यंतच काय, त्यानंतरही आईंना तुमची गरज असेल तोवर घरीच राहा. रजेचे मी पाहिले आहे, महिनाअखेरच्या ताळेबंदाचे काम नितीनने हाती घेतले आहे आणि कामासाठी तुम्हाला कोणाचाही फोन येणार नाही. मृत्यूचा दाखला, बँक, आईंचे निवृत्तिवेतन यांसाठी पुढे जी धावपळ करावी लागते (आणि ती नेमकी मन थाऱ्यावर नसतानाच करावी लागते), तिच्यात कोणी सोबत हवे असेल तर निःसंकोच सांगा.

रविवारी दुपारी आम्ही चौघे भेटायला येत आहोत. चहापाण्याची काहीही तयारी करू नका.

आपली,
मेधा