थिएटर पाडण्याआधी अहवाल दाखवा

स्टेशन रोडवरचं जुनं थिएटर पाडून तिथे सात मजली व्यापारी संकुल उभारण्याचा प्रस्ताव महापालिकेकडे आला आहे. कोल्हापूरकरांनी त्याला हरकत घ्यावी, आणि ती कागदोपत्री घ्यावी.

मालकाचं दुखणं खरं आहे. सातशे खुर्च्यांच्या एकपडदा थिएटरात दुपारच्या खेळाला चाळीस माणसं आली, तर विजेचं बिलही निघत नाही. शहरालाही दुकानं हवीत, त्याहून जास्त पार्किंग हवं. ते नाकारून थिएटर वाचणार नाही.

पण पाडण्यासाठी दिलेलं ‘इमारत धोकादायक आहे’ हे कारण तपासून घ्यायला हवं. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार बंधनकारक आहे. तो अहवाल माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवस. अहवालात श्रेणी पाहा: सी-१ म्हणजे पाडण्याजोगी, सी-२ म्हणजे दुरुस्त होणारी. बाल्कनीखालचा गिलावा सुटलाय, एवढ्यावर सी-१ ठरत नाही. अशा थिएटरांत खरं दुखणं बहुधा छताच्या पन्हाळीत असतं. ती तुंबते, पाणी भिंतीत मुरतं आणि छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांची भिंतीवर टेकलेली टोकं गंजतात. कैच्यांचा मधला भाग मात्र ठणठणीत राहतो. गंजकी टोकं कापून नवं पोलाद जोडता येतं, पन्हाळ बदलता येते. बाल्कनी काँक्रीटची असेल, तर हातोडा चाचणी आणि अल्ट्रासॉनिक चाचणी कुठे झाली, नमुने कुठून काढले, हेही विचारा. केवळ डोळ्यांनी पाहून दिलेला दाखला मान्य करू नका.

वाचवायचं काय, तेही नेमकं सांगू. पितळी पट्ट्या बसवलेला मोझॅकचा जिना, अर्धगोल झरोक्याची तिकीटखिडकी, शेजारची बायकांची वेगळी खिडकी, दर्शनी भिंत आणि दोनशे खुर्च्यांचं एक सभागृह. मागच्या मोकळ्या जागेत संकुल आणि दुमजली पार्किंग होऊ द्या. इमारत वारसा यादीत आली, तर बांधकामावर बंधनं येतील. त्यामुळे गमावलेलं बांधकाम क्षेत्र दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, मालकाला मिळू शकतो. तो त्याला मिळालाच पाहिजे. नुकसान एकट्या मालकाने का सोसावं? मुंबईत १९३८ चं इरॉस थिएटर २०२४ मध्ये नव्या पडद्यासह पुन्हा सुरू झालं, बाहेरचं देखणं रूप राखून.

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ मध्ये या शहरात झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. चित्रपटांच्या या गावात पाहण्याजोगी जुनी थिएटरं आता किती उरली, ते मोजा.

आयुक्तांच्या नावे दोन अर्ज द्या: एक वारसा यादीत समावेशासाठी, दुसरा त्यावर निर्णय होईपर्यंत पाडकाम परवानगी थांबवण्यासाठी. सोबत इमारतीचे जुने फोटो आणि सिटी सर्व्हे उतारा जोडा. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.